भूक वाढते आणि वजन उतरतं

नाशिकच्या एका शाळेत शिकवणारी ३१ वर्षांची बाई. ही एक कुणी ठरावीक व्यक्ती नव्हे. थायरॉइडच्या ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या पेशंटांवरून बेतलेलं हे उदाहरण आहे. चार महिन्यांत तिचं वजन ६२ किलोवरून ५३ वर आलं. सुरुवातीला मैत्रिणींनी कौतुकच केलं, "कुठलं डाएट करतेस गं?" डाएट कुठलंच नव्हतं. उलट ती पूर्वीपेक्षा जास्त जेवत होती. दोन पोळ्यांच्या चार झाल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत डबा रिकामा करूनही तासाभरात पोटात आग पडायची. फळ्यावर लिहिताना अक्षर हलायला लागलं. डिसेंबरात घरातले सगळे गोधडीत शिरलेले असताना तिला पंखा हवा असायचा. रात्री कुशीवर वळलं की उशीत स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू यायचे. जमिनीवर बसून भाजी निवडून झाली की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईना, मांड्यांत जोरच राहिला नव्हता.

सासूबाईंना आधी टीबीची शंका आली. आपल्याकडे वजन उतरलं की पहिला विचार तोच येतो आणि तो चुकीचाही नाही. छातीचा एक्स-रे झाला, साखर तपासली, ईसीजी काढला. एक्स-रे स्वच्छ, साखर नॉर्मल, ईसीजीत फक्त ठोके जलद. मग "घरातलं काही टेन्शन?" असा प्रश्न आला आणि झोपेची गोळी मिळाली. दोन महिने त्यात गेले.

या आजारात असा उशीर नेहमी होतो. अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या सुमारास आजारी पडली. वजन घटलं, केस गळले, धावणं सुटलं. जगातल्या उत्तम क्रीडा-डॉक्टरांपर्यंत पोहोच असूनही निदान झालं ते १९९० साली. उपचारांनंतर १९९२मध्ये बार्सिलोनात तिने १०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. जिथे शरीराच्या प्रत्येक सेकंदाचा हिशेब ठेवला जातो तिथे दोन वर्षं लागत असतील, तर नाशिकचे चार-सहा महिने समजण्यासारखे आहेत.

उशिराचं एक कारण असं की आपल्या ओळखीतल्या बहुतेकांचा थायरॉइडचा त्रास उलट्या बाजूचा असतो. ग्रंथी मंद चालते, वजन वाढतं, रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. तीच ग्रंथी बेफाम चालू शकते, हे सहसा लक्षातच येत नाही. दुसरं कारण म्हणजे धडधड, घाम, चिडचिड, झोप न लागणं ही लक्षणं चिंतेच्या आजारातही दिसतात. दोन्हींत फरक करण्याच्या काही साध्या खुणा मात्र आहेत. चिंतेने हाताला घाम येतो तेव्हा तळवा बहुधा गार असतो. थायरॉइडमध्ये तो ओला आणि गरम असतो. चिंता करणाऱ्याची नाडी गाढ झोपेत खाली येते, थायरॉइडवाल्याची झोपेतही धावत राहते. थरथर बघायची तर हात समोर ताठ धरायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवायचा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं बारीक कापरं कागदाची कड लगेच दाखवून देते.

शिक्षिकेच्या बाबतीत दुसऱ्या डॉक्टरांनी हेच केलं. कागद थरथरला. नाडी ११८ होती. गळ्याला खालच्या बाजूला थोडी भरीव सूज होती आणि ती गिळताना वर सरकत होती. डोळे किंचित मोठे दिसत होते, वरच्या पापणीखाली पांढऱ्याची बारीक रेघ उघडी राहत होती. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, पण त्याआधी एक प्रश्न विचारला, "केसांसाठी काही गोळ्या घेताय का?" घेत होती. केस गळतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या बायोटिनच्या. त्या तीन दिवस बंद करून मगच रक्त द्यायला सांगितलं. बायोटिन जास्त प्रमाणात पोटात असलं की अनेक लॅबच्या यंत्रांत टीएसएच खोटंच कमी आणि थायरॉइडचं हार्मोन खोटंच जास्त दिसतं. आजार नसलेल्या माणसाच्या हातात आजाराचा रिपोर्ट पडतो. केस गळणं हे थायरॉइडचंच लक्षण असल्यामुळे नेमके हेच पेशंट ती गोळी घेत असतात.

रिपोर्ट आला. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, म्हणजे जवळजवळ शून्य. फ्री टी-४ हे हार्मोन ४.२, जिथे त्या लॅबची वरची मर्यादा १.७ होती. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं फर्मान. रक्तात हार्मोन पुरेसं असलं की पिट्युटरी ते पाठवायचं थांबते. म्हणून टीएसएच तळाला आणि टी-४ आभाळाला, असं चित्र दिसलं की हार्मोन जास्त झालं आहे हे नक्की.

ते कशामुळे जास्त झालं हा पुढचा प्रश्न, आणि सगळी उपचारांची निवड त्यावर उभी आहे. इथे घाई झाली तर पुढचं सगळं चुकतं. कधी ग्रंथीला सूज येऊन आत साठवलेलं हार्मोन नुसतंच बाहेर गळतं. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत असं होऊ शकतं, किंवा एखाद्या तापानंतर गळा दुखत असतानाही. अशा वेळी ग्रंथी नवं काहीच बनवत नसते, त्यामुळे उत्पादन थांबवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग शून्य. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. कधी ग्रंथीतली एखादीच गाठ स्वतःच्या मनाने हार्मोन बनवत सुटते, हे उतारवयात जास्त. पण तरुण आणि मध्यमवयीन लोकांत बहुतेक वेळा दोषी असतो ग्रेव्हज आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं आणि जर्मनीच्या कार्ल फॉन बाझेडो यांनी १८४०मध्ये. युरोपात आजही अनेक ठिकाणी तो बाझेडोच्या नावाने ओळखला जातो.

ग्रेव्हजमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था एक चुकीचं प्रतिपिंड तयार करते. ते थायरॉइडच्या पेशींवर जिथे टीएसएचने बसायचं तिथे जाऊन बसतं आणि टीएसएचचीच नक्कल करतं. पिट्युटरीने हुकूम थांबवला तरी ग्रंथीला हुकूम मिळतच राहतो. हे प्रतिपिंड रक्तात मोजता येतं. तपासणीचं नाव टीआरएबी. शिक्षिकेचं टीआरएबी १४ आलं, मर्यादा १.७५ होती. म्हणजे ग्रेव्हज. ही तपासणी करता येत नसेल तर ग्रंथीचा टेक्नेशियम स्कॅन करतात. ग्रेव्हजमध्ये सगळी ग्रंथी एकसारखी उजळते, एकट्या गाठीच्या आजारात तेवढी गाठच उजळते, आणि सूज येऊन हार्मोन गळत असेल तर चित्र जवळजवळ कोरं येतं.

पहिल्याच दिवशी तिला दोन गोळ्या लिहून दिल्या गेल्या. एक प्रोप्रानोलॉल, २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. ही थायरॉइडला हातही लावत नाही. जास्तीच्या हार्मोनमुळे हृदय आणि स्नायू जे उसळत असतात त्यांना ती शांत करते, म्हणून धडधड आणि कापरं दोन-तीन दिवसांतच उतरतं. दमा असलेल्यांना मात्र ती चालत नाही, आणि हे पेशंटने विचारायची वाट न बघता आपणहून सांगायला हवं. दुसरी गोळी कार्बिमाझोल, ३० मिलिग्रॅम. हीच खरी. बॉस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी १९४३ साली थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल वापरून पेशंटांमध्ये थायरॉइडचं उत्पादन रोखता येतं हे दाखवलं. कार्बिमाझोल हे त्याच घराण्यातलं पुढचं औषध.

ही गोळी नवं हार्मोन बनणं थांबवते, जुनं पुसून टाकत नाही. गिरणी बंद केली तरी डब्यातलं पीठ संपेपर्यंत पोळ्या होतच राहतात, तसं ग्रंथीत कित्येक आठवड्यांचं हार्मोन साठलेलं असतं. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात "गोळीने काहीच होत नाही" असं वाटून बरेच जण ती सोडतात किंवा डॉक्टर बदलतात. खरा फरक तीन ते सहा आठवड्यांनी दिसतो.

औषध सुरू करताना डॉक्टरांनी एक सूचना तिच्या फाइलवर लाल शाईने लिहून दिली. ताप आला आणि घसा दुखायला लागला तर कार्बिमाझोलची पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी सीबीसी करायचं. हजारात दोन ते पाच जणांमध्ये या औषधाने रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत होतं, आणि इतकं अचानक की आठवड्यापूर्वीचा चांगला रिपोर्ट काही कामाचा नसतो. म्हणून नेमाने रक्त तपासण्यापेक्षा पेशंटला हे नीट माहीत असणं जास्त उपयोगी. आपल्याकडे साध्या घसादुखीवर मेडिकलमधून अँटिबायोटिक घेण्याची सवय आहे, आणि कार्बिमाझोल घेणाऱ्यासाठी ती धोक्याची आहे. गोळी वेळीच थांबवली तर पेशी बहुधा आठवडा-दहा दिवसांत परत येतात. अंगावर पुरळ किंवा खाज हा साधा त्रास जास्त जणांना होतो आणि तो बऱ्याचदा आवरता येतो. लघवी गडद होणं, डोळे पिवळे पडणं हे मात्र लगेच कळवायचं.

पाच आठवड्यांनी फ्री टी-४ १.६ वर आलं. वजन दोन किलोंनी वाढलं, नाडी ८४. टीएसएच अजून ०.०१च. इथे एक चूक घडली, आणि ती सर्रास घडते. गावी गेलेली असताना तिने रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी टीएसएच बघून "आजार अजून आटोक्यात नाही" असं म्हणत डोस वाढवला. महिन्याभराने ती प्रचंड थकवा, सुजलेला चेहरा आणि आधीपेक्षा मोठा झालेला गळा घेऊन परत आली. टी-४ ०.५ झालं होतं. दीर्घकाळ दाबलेली पिट्युटरी जागी व्हायला अनेक महिने घेते. टी-४ नॉर्मल होऊनही टीएसएच तळाशीच राहतं, म्हणून सुरुवातीचे काही महिने डोस ठरवायचा तो टी-४ आणि टी-३ बघून. डोस कमी केला, पंधरा मिलिग्रॅम, मग दहा, शेवटी पाच. गाडी रुळावर आली.

गोळ्यांचा कोर्स साधारण बारा ते अठरा महिन्यांचा. या काळात प्रतिपिंड आपोआप ओसरतं का, हे बघायचं असतं. सुमारे निम्म्या पेशंटांमध्ये ते ओसरतं आणि गोळी थांबवल्यावरही आजार परत येत नाही. उरलेल्या निम्म्यांत तो परततो, बहुतेकदा पहिल्या वर्षात. कोणाचा परतेल याचा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. गळ्याची सूज मोठी, सुरुवातीचं टी-४ आणि टीआरएबी खूप चढलेलं, पेशंट पुरुष किंवा सिगारेट ओढणारा असेल तर परतण्याची शक्यता जास्त. कोर्सच्या शेवटी टीआरएबी पुन्हा करतात, आणि ते अजून चढलेलं असेल तर गोळी थांबवून उपयोग नसतो. अशांनी कमी डोसची गोळी अनेक वर्षं चालू ठेवली तरी चालतं. तेहरानच्या डॉक्टरांनी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ कमी डोस देऊन अभ्यास केला आणि नेहमीच्या कोर्सच्या मानाने आजार परतण्याचं प्रमाण त्यात बरंच कमी दिसलं. "दीड वर्ष झालं, आता काहीतरी कायमचं करा" असा आग्रह धरण्याची म्हणूनच गरज नाही.

अर्थात हे ग्रेव्हजपुरतं. बेफाम चाललेल्या गाठीच्या आजारात प्रतिपिंडाचा संबंध नसतो, त्यामुळे ते ओसरण्याचाही प्रश्न नाही. गोळी घेईपर्यंत गाठ शांत, सोडली की पुन्हा सुरू. तिथे रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन हेच मार्ग.

रेडिओआयोडीन म्हटलं की आपल्याकडे माणसं दचकतात. "रेडिएशन" हा शब्द कॅन्सरशी जोडला गेला आहे, आणि थायरॉइडच्या कॅन्सरलाही हेच औषध देत असल्यामुळे गोंधळ वाढतो. मात्रा मात्र खूप वेगळी. कॅन्सरला अनेकदा शंभर मिलिक्युरी किंवा जास्त देतात आणि पेशंटला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. ग्रेव्हजला सहसा दहा ते पंधरा मिलिक्युरी पुरतात. एक कॅप्सूल किंवा पाण्यासारखा एक घोट, आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी.

यामागची कल्पना फार सुंदर आहे. १९३६ साली बॉस्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचं डॉक्टरांसमोर व्याख्यान झालं. ते संपल्यावर सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरांनी विचारलं, आयोडीन किरणोत्सारी करता येईल का? थायरॉइड रक्तातलं आयोडीन ओढून घेते, शरीरातला दुसरा कुठलाच अवयव तेवढं ओढत नाही. मग किरणोत्सारी आयोडीन दिलं तर ते आपणहून तिथेच जाऊन बसेल. १९४१ साली हर्ट्झ यांनी पहिल्या पेशंटला ते पाजलं. आज वापरतात ते आयोडीन-१३१. त्यातून निघणारे कण एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत, त्यामुळे मार बसतो तो थायरॉइडलाच, आणि दर आठ दिवसांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. महाराष्ट्राला याची ओळख जुनी आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून मुंबईत परळला आहे, आणि देशात वापरलं जाणारं हे आयोडीन तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होत आलं आहे.

कुणासाठी ते सर्वांत सोयीचं, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. ४ मे १९९१ रोजी कॅम्प डेव्हिडला पळताना त्यांना दम लागला. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. वय ६६. तपासात कारण निघालं ग्रेव्हज, आणि काही दिवसांतच त्यांना रेडिओआयोडीन देण्यात आलं. दोन वर्षांपूर्वी पत्नी बार्बरा यांना हाच आजार झालेला, त्यामुळे त्यांच्या राहण्याच्या ठिकाणचं पाणीसुद्धा तपासलं गेलं. त्यात काही सापडलं नाही. बुश यांच्या बाबतीत गोळ्यांचा दीड वर्षाचा प्रयोग करून आजार परतायची वाट बघणं परवडणारं नव्हतं, कारण प्रत्येक वेळी फटका हृदयाला बसला असता. अनियमित ठोक्यांत हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. मुलं व्हायची नव्हती, ऑपरेशनचा धोका त्या हृदयाला नको होता. एका घोटाने ग्रंथी कायमची शांत करणं हाच सरळ मार्ग होता. नंतर त्यांना थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली.

ती गोळी सुरू होणं म्हणजे उपचार फसणं, असा समज फार दिसतो. तसं नाही. ग्रेव्हजमध्ये रेडिओआयोडीन मुद्दाम अशा मात्रेत देतात की ग्रंथी पूर्ण थंडावेल. थोडं चालू ठेवायचा प्रयत्न केला तर आजार परततो. परिणाम दिसायला दीड ते सहा महिने लागतात आणि धोका असतो तो याच टप्प्यात. ग्रंथी कोणत्या आठवड्यात बंद पडेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासलं नाही तर माणूस नकळत उलट्या टोकाला जातो, सुजतो, सुस्तावतो आणि वाढलेल्या वजनाचं खापर "त्या रेडिएशन"वर फोडतो.

दिल्यानंतरचे काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं, वेगळं झोपायचं, बाथरूम वापरल्यावर भरपूर पाणी ओतायचं. अनेक दशकांच्या पाहण्यांमध्ये यामुळे एकूण कॅन्सर ठळकपणे वाढलेला दिसलेला नाही. एका विश्लेषणाने किंचित वाढ सुचवली, त्यावर तज्ज्ञांत वाद आहे. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना ते कधीही देत नाहीत, कारण बाळाची थायरॉइडही आयोडीन ओढून घेते. आणि डोळ्यांना ग्रेव्हजची सूज चढती असेल, विशेषतः पेशंट सिगारेट ओढत असेल, तर ती आणखी बिघडू शकते.

आपली शिक्षिका दीड वर्षाने टीआरएबी नॉर्मल होऊन गोळ्यांतून सुटली होती. सात महिन्यांनी धडधड परत आली. या वेळी तिने स्वतःच ओळखलं. टी-४ ३.१, टीआरएबी पुन्हा ११. आता ती ३३ वर्षांची होती, मुलगा पाच वर्षांचा, आणि वर्षभरात दुसरं मूल हवं होतं. डोळे चुरचुरत होते, सकाळी पापण्या सुजत होत्या, म्हणजे डोळ्यांचा आजारही चढता होता. ही तिची परिस्थिती टेबलावर ठेवली की तिन्ही मार्गांचं वजन बदलतं.

कार्बिमाझोल पुन्हा सुरू करता येत होतं. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याने बाळात व्यंग होऊ शकतं. त्या काळात प्रोपिलथायोयुरॅसिल हे दुसरं औषध देतात, ज्याने क्वचित आईच्या यकृताला गंभीर इजा होते. हा मार्ग अनेक बायका नीट पार पाडतात, पण पाळी चुकल्या चुकल्या गोळी बदलायची आणि दर महिन्याला रक्त तपासायचं, ही शिस्त लागते. रेडिओआयोडीन घेतलं असतं तर किमान सहा महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात, डोळे बिघडण्याचा धोका होताच, आणि तिसरी एक गोष्ट होती जी पेशंटला फारशी कुणी सांगत नाही. रेडिओआयोडीनने ग्रंथी नष्ट होत असताना टीआरएबी काही महिने उलट वर चढतं आणि वर्षभर किंवा जास्त काळ चढलेलं राहू शकतं. हे प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत जातं. ऑपरेशननंतर मात्र ते हळूहळू उतरत जातं.

म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव घेतलं. नवऱ्याला ते टोकाचं वाटलं. "गोळीने बरं होतंय ना, मग गळा कशाला कापायचा?" त्याच्या प्रश्नात तथ्य होतं, कारण ऑपरेशनचे धोके खरे आहेत. थायरॉइडच्या मागून आवाजाच्या पेटीच्या नसा जातात, आणि तिला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. अनुभवी हातांत आवाज कायमचा घोगरा होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आणि कॅल्शियम कायमचं कमी राहण्याचं एक-दोनाचं. अननुभवी हातांत दोन्ही वाढतं. त्यामुळे विचारायचा प्रश्न हॉस्पिटल किती मोठं हा नाही, तर "तुम्ही वर्षाला किती थायरॉइड करता?" हा आहे. पंचवीसपेक्षा जास्त करणाऱ्या सर्जनकडे गुंतागुंत कमी होते, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं आहे. शिक्षिकेने हा प्रश्न दोन ठिकाणी विचारला. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "जनरल सगळंच करतो." ती दुसरीकडे गेली.

लगेच ऑपरेशन मात्र झालं नाही. हार्मोन चढलेलं असताना भूल देऊन ग्रंथीला हात लावला तर शरीरात वादळ उठू शकतं, ताप आणि नाडी आवरत नाही आणि जीवावर बेततं. म्हणून आधी दोन महिने कार्बिमाझोलने टी-४ नॉर्मल केलं. शेवटचे दहा दिवस लुगोल द्रावणाचे थेंब दिले, पाण्यात मिसळून दिवसातून तीनदा. त्यातल्या भरपूर आयोडीनने ग्रंथीतला रक्ताचा ओघ कमी होतो आणि ती हाताळणं सोपं जातं. मग पूर्ण थायरॉइड काढली. अर्धीमुर्धी ठेवली तर आजार परतण्याची सोय राहते.

दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी होतील असं वाटलं. कॅल्शियम उतरलं होतं. याची कल्पना तिला आधीच दिलेली असल्यामुळे तिने नर्सला लगेच सांगितलं. कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ड सुरू झालं आणि सहा आठवड्यांत दोन्ही हळूहळू कमी करून थांबवता आलं. थायरॉक्सिन मात्र रोजची, पहाटे उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, नाहीतर ती थायरॉक्सिनला पोटातच अडवते. कार्बिमाझोल सुटलं, डोळे वर्षभरात निवले.

ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी तिला दिवस गेले. तिच्या फाइलवर तेव्हा ग्रंथी नव्हती, टीएसएच नॉर्मल होतं, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी "थायरॉइड बरं झालेलं" असं लिहिलं होतं. तिने आपणहून सांगितलं, "डॉक्टर, मला ग्रेव्हज होता, टीआरएबी करा." आकडा ५.८ आला. ग्रंथी गेली तरी प्रतिपिंड रक्तात शिल्लक होतं. आईला त्याचा काही त्रास नव्हता, पण गर्भाची थायरॉइड विसाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्णपणे काम करू लागते आणि हे प्रतिपिंड तिला चेतवू शकतं. म्हणून विसाव्या आठवड्यापासून प्रत्येक सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके, वाढ आणि गळा मुद्दाम बघितला गेला. थायरॉक्सिनचा डोस पहिल्याच महिन्यात वाढवला आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच झालं. चौतिसाव्या आठवड्यात टीआरएबी २.१ वर आलं होतं. जन्मानंतर बाळाचं टी-४ आणि टीएसएच पाचव्या दिवशी आणि पुन्हा दहाव्या दिवशी तपासायचं, अशी सूचना बालरोगतज्ज्ञांच्या नावे तिच्या फाइलला लावण्यात आली.